५८ बंद तिकिटं आणि ९ ओळी: रिलीज नोट्समधे गिऱ्हाईकाला काय दाखवायचं?

प्रश्न: दादा, बेळगावात आमची ११ जणांची कंपनी, फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. दर रिलीजला जिरातल्या बंद तिकिटांवरून नोट्स आपोआप काढतो, ५०-६० ओळी येतात, कोण वाचत नाही आणि सपोर्टला मात्र फोन येतातच. कमी करायला गेलं तर नेमकं महत्त्वाचं गळतं. ठरवायचं कसं?

उत्तर:

मी पण ह्याच धंद्यातला, आमचं गिऱ्हाईक उद्यमबाग, मच्छे, खानापूर इकडं आणि चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर तिकडं असं दोन्ही राज्यात पसरलंय. सुरवातीला आम्ही पण हेच केलेलं, रिलीज झाला की बंद तिकिटांची टायटलं कॉपी मारायची, पीडीएफ करायची, व्हॉट्सअॅपवर टाकायची, विषय संपला. त्यात दोनदा चांगला मार खाल्ला ते खाली सांगतो, पण आधी आकडे बघा. आमच्या ४.७ मधे बंद तिकिटं होती ५८ आणि गिऱ्हाईकापर्यंत गेल्या ९ ओळी. मधली ४९ कुठं गेली तेच सांगतो, त्यातच तुमचं उत्तर आहे.

पहिली गोष्ट, तिकीट बंद झालं म्हणजे काम गिऱ्हाईकाकडं गेलं असं नसतंय. बंद तिकिटात डुप्लिकेट असतात, "करायचं नाही" असं ठरवून बंद केलेली असतात, "आमच्याकडं तसं होत नाही" म्हणून बंद केलेली असतात. हे सगळं Done कॉलममधेच जाऊन बसतं, म्हणून नुसत्या स्टेटसवर यादी काढायची नाही, रिझोल्यूशन पण बघायचं:

```
project = BILL AND fixVersion = "4.7.0"
AND statusCategory = Done
AND resolution in (Done, Fixed)
ORDER BY issuetype, key
```

रिझोल्यूशनची नावं तुमच्या जिरात जी असतील तीच टाका, नसलेलं नाव टाकलं तर क्वेरी एरर देते. आणि वर्कफ्लोमधे बंद करताना रिझोल्यूशन भरायची सोय केलेली नसली तर बंद तिकीट पण Unresolved दाखवतं आणि ह्या क्वेरीतनं गुपचूप गळतं, तेवढं एकदा तपासून घ्या. ह्या एका चाळणीत आमची ११ गेली, राहिली ४७.

आता हे ४७ म्हणजे जिराचं म्हणणं, कोडचं म्हणणं वेगळं असू शकतं. Fix versions हे माणसानं हातानं भरलेलं फील्ड आहे, आणि मंगळवारी भरलेली व्हर्जन शुक्रवारी काम लटकल्यावर कोण बदलत नाही. म्हणून मी जिराची यादी आणि गिटची यादी समोरासमोर ठेवतो. आमच्याकडं कमिट मेसेजमधे तिकीट नंबर लिहायची सक्ती आहे, त्यामुळं एवढंच लागतं:

```
git log v4.6.2..v4.7.0-rc1 --format=%B \
  | grep -oE 'BILL-[0-9]+' | sort -u > git.txt
sort -u jira.txt > j.txt
comm -3 j.txt git.txt
```

डावीकडं येतात ती फक्त जिरात असलेली, उजवीकडं सरकून येतात ती फक्त गिटमधे असलेली. आमच्यात डावीकडं दोन आली, दोन्हीचं कोड अजून ब्रँचवरच, मर्जच झालेलं नव्हतं, आणि नोट्समधे मात्र "नवीन सोय" म्हणून जाणार होती. उजवीकडं पण दोन आली, पोरांनी काम केलं, मर्ज केलं, व्हर्जन भरायची विसरली. हे उजवीकडचे जास्त धोक्याचे, कारण बदल गिऱ्हाईकाच्या मशीनवर जाणार आणि यादीत त्याचं नावच नाही.

ह्या तुलनेत दोन गोष्टी सापडत नाहीत, त्या डोळ्यानं बघाव्या लागतात. एक म्हणजे रिव्हर्ट. काम मर्ज झालं, गडबड झाली, मागं घेतलं, आता रिव्हर्टच्या कमिटमधे पण तोच तिकीट नंबर असतो त्यामुळं दोन्ही याद्यात तो छान जुळतो आणि बदल मात्र शून्य. गिट लॉगमधे `Revert` शोधा आणि प्रत्येकाचं पुढं परत मर्ज झालंय का ते बघा. दुसरं, हॉटफिक्स. ४.६.२ मधे चेरीपिक करून पाठवलेलं काम मेन ब्रँचवर वेगळ्या हॅशनं असतं म्हणून वरच्या कमांडमधे परत उगवतं आणि गिऱ्हाईक म्हणतो हे तर गेल्या महिन्यात दिलेलं की, परत काय मोडलं? दोन टॅगच्या मधे तीन टिंबं टाकून `--cherry-pick --right-only` दिलं तर तसलाच बदल गाळला जातो, पण चेरीपिक करताना कॉन्फ्लिक्ट सोडवलेला असला तर बदल तंतोतंत सारखा राहत नाही आणि तो गाळला जात नाही. त्यापेक्षा तिकिटावर दोन्ही व्हर्जन भरायची सवय लावा, मग जिरातच सापडतं. आमच्यात रिव्हर्ट एक, हॉटफिक्स एक. म्हणजे ४७ मधनं चार गेली, विसरलेली दोन आली, ४५.

आता सगळ्यात मोठी चाळण, आणि ही बहुतेक लोक लावतच नाहीत. रिलीजच्या आतच जन्मलेले आणि आतच मेलेले बग. समजा ४.७ साठी ई-वे बिलाची नवीन स्क्रीन केली, टेस्टिंगवाल्या पोरीनं त्यात सहा बग काढले, सहाही निस्तरले, सहा तिकिटं बंद. गिऱ्हाईकानं ते बग कधी बघितलेच नाहीत, त्याच्याकडं ती स्क्रीनच नव्हती. पण आपोआप काढलेल्या नोट्समधे काय येतं, "ई-वे बिल स्क्रीन क्रॅश होत होती ते दुरुस्त केलं." वाचणाऱ्याला वाटतं अरे बापरे, माझ्याकडं पण क्रॅश होत असणार. आणि फोन लावतो.

हे ओळखायला Affects versions हे फील्ड आहे, जे आपल्याकडं कोण भरत नाही. आम्ही नियम केला की बग उघडताना ते रिकामं चालणार नाही, जी व्हर्जन अजून बाहेर गेलेलीच नाही त्यात सापडला तर तीच लिहायची. मग काम सोपं:

```
fixVersion = "4.7.0" AND issuetype = Bug
AND affectedVersion = "4.7.0"
```

ह्याच्यात आली ती बाहेरच्या नोट्समधनं बाद. अपवाद एकच, बीटा दिलेलं गिऱ्हाईक. आमच्या दोन गिऱ्हाईकांना आधी बीटा जातो, त्यांनी स्वतः रिपोर्ट केलेला बग असला तर त्यांना वेगळा मेसेज करतो, सगळ्यांना नाही. अशी १४ गेली, राहिली ३१.

इथनं पुढं क्वेरी संपते आणि डोकं सुरू होतं. ३१ मधली निम्म्याहून जास्त तिकिटं आतली कामं, टेस्ट लिहिल्या, बिल्ड सर्व्हर बदलला, कोड नीट केलं, लायब्ररी अपडेट केल्या. सरळ सगळी उडवावीशी वाटतात. मी पण उडवायचो, आणि पहिला मार तिथंच बसला.

तिकीट होतं, आतलं काम म्हणून लेबल लावलेलं, "इलेक्ट्रॉन २२ वरनं २३ वर नेणे". आमचं डेस्कटॉप अॅप इलेक्ट्रॉनवर आहे, आता डेव्हलपरच्या दृष्टीनं हे घर झाडण्याचं काम, दिसणारा एक पिक्सेल बदललेला नाही. पण इलेक्ट्रॉन २३ पासनं विंडोज ७ आणि ८ चा सपोर्टच काढलाय, कारण आतलं क्रोमियम ११० झालं आणि त्यांनीच तो काढला. आणि आपल्याकडच्या कारखान्यात ऑफिसातला कॉम्प्युटर नवा असतो हो, पण वजनकाट्याच्या खोलीत काय असतं? धूळ खाल्लेलं विंडोज ७ चं मशीन, काट्याची जुनी सिरियल केबल लावलेलं, त्याला कोण हात लावत नाही. अपडेट रात्री आपोआप गेला, सकाळी आठला पहिला ट्रक काट्यावर, अॅप उघडेना. त्या दिवशी काट्यावरच्या माणसानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही.

तेव्हापास्नं मी तिकिटाचा प्रकार बघतच नाही. आतलं का बाहेरचं हे काम कसलं आहे त्यावरनं ठरत नाही. माझा प्रश्न एकच असतो, शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईकानं मशीन बंद केलं आणि सोमवारी अपडेट होऊन चालू केलं, तर त्याला काही वेगळं दिसेल का, वेगळं करावं लागेल का, आकडा वेगळा येईल का, किंवा चालायचंच बंद होईल का? चारीचं उत्तर नाही असलं तरच आतलं. ह्या प्रश्नावर डिफॉल्ट सेटिंग बदललेलं तिकीट अडकतं, राउंडिंग बदललेलं अडकतं, प्रिंटमधे कॉलम इकडचा तिकडं गेलेला अडकतो, युजरच्या परवानग्या बदललेल्या अडकतात. ह्या सगळ्यांची टायटलं दिसायला अगदी गरीब असतात. उलट "परफॉर्मन्स सुधारला" असली भारदस्त तिकिटं बऱ्याचदा पडतात, कारण रिपोर्ट १.२ सेकंदाऐवजी ०.९ सेकंदात आला तर कोणाला काय कळतंय.

बरं, विंडोज ७ सारख्या गोष्टीला नुसती नोट पुरत नाही हे पण सांगतो. ती ओळ अपडेटच्या आधी दोन आठवडे जायला पायजे आणि अपडेटरनं जुन्या मशीनवर स्वतःहून थांबायला पायजे. नोट वाचली नाही म्हणून ट्रक अडकला असं होता कामा नये.

दुसरा मार ह्याच्यापेक्षा वाईट, आणि तो आपल्या सीमाभागातलाच खास. तिकिटाचं टायटल होतं `Fix POS derivation for BT-ST invoices`. नोट्स करायला त्या वेळी नवीन पोरगा बसवलेला, त्यानं पीओएस म्हणजे दुकानातलं पॉइंट ऑफ सेल समजून लिहिलं, "पीओएसमधे किरकोळ सुधारणा". आमच्याकडं पीओएस मॉड्यूलच नाही! पण कोणाच्या लक्षात आलं नाही. ते पीओएस होतं जीएसटीतलं प्लेस ऑफ सप्लाय आणि बीटीएसटी म्हणजे बिल टू शिप टू.

भानगड काय होती बघा. उद्यमबागेतला फाउंड्रीवाला कास्टिंग करतो, ऑर्डर कोल्हापूरच्या पार्टीची, बिल त्यांच्या नावावर, पण ती पार्टी म्हणते माल आमच्याकडं नको, तिथंच मच्छ्याच्या मशीनशॉपला टाका. आपल्याकडं हे रोजचं. आता गाडी बेळगावातनं बेळगावातच गेली, म्हणून सॉफ्टवेअरनं काय केलं, डिलिव्हरीचं राज्य कर्नाटक म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटी लावला. पण आयजीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(ब) प्रमाणं अशा व्यवहारात माल कुठं उतरला ते बघायचं नसतं, ज्याच्या सांगण्यावरनं माल तिसऱ्याला दिला त्याचं धंद्याचं मुख्य ठिकाण बघायचं असतं. ते कोल्हापूर, म्हणजे महाराष्ट्र, म्हणजे आयजीएसटी लागायला पायजे होता.

२ लाखाचं बिल आणि १८ टक्के धरले तर १८ हजार अधिक १८ हजार किंवा सरळ ३६ हजार, बेरीज तीच! म्हणून दोन व्हर्जन कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आलं कुणाच्या, तर कोल्हापूरच्या पार्टीच्या सीएच्या, कारण महाराष्ट्रातल्या नोंदणीवर कर्नाटकाच्या एसजीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही. आम्ही तोवर दुरुस्ती करून मोकळे झालेलो आणि नोटमधे "किरकोळ सुधारणा" लिहून बसलेलो. नवीन बिलं बरोबर यायला लागली, जुनी तशीच राहिली आणि ती राहिलीत हे गिऱ्हाईकाला कोणी सांगितलंच नाही.

आकडा चुकत होता आणि आता बरोबर झाला, असलं कुठलंही तिकीट आम्ही लपवत नाही, मालकाला कितीही लाज वाटू दे. आणि त्या ओळीत चार गोष्टी असल्याशिवाय ती बाहेर जात नाही, कोणाला लागू, कुठल्या व्हर्जनपासनं कुठल्या व्हर्जनपर्यंत, आता काय होईल, आणि मागच्याचं काय करायचं. तीच नोट आम्ही नंतर अशी परत पाठवली:

"तुम्ही बिल एका पार्टीच्या नावावर करून माल दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवत असाल तरच हे वाचा. ४.५ ते ४.६.१ मधे अशा बिलांना टॅक्स डिलिव्हरीच्या राज्यावरनं लागत होता, आता बिल ज्या पार्टीच्या नावावर आहे तिच्या राज्यावरनं लागेल. पार्टी आणि डिलिव्हरी एकाच राज्यात असेल तर काही फरक नाही. आधी केलेली बिलं आपोआप बदलणार नाहीत. सेल्स रजिस्टरमधे शिप-टू फिल्टर लावून यादी काढा आणि तुमच्या सीएंना दाखवा."

पहिलं वाक्य मुद्दाम तसं आहे. ज्याला लागू नाही त्यानं तिथंच सोडून पुढं जावं. आणि टॅक्सचं पुढं काय करायचं हे आम्ही सांगत नाही, ते सीएचं काम, सॉफ्टवेअरवाल्यानं सल्ला द्यायला गेलं की अंगलट येतंय.

परत आकड्यावर येतो. ३१ मधनं १६ आतली म्हणून गेली (इलेक्ट्रॉन २३ च्या अनुभवानंतर लायब्ररीची तिकिटं आम्ही एकेक उघडून बघतो, ह्या वेळी त्यातनं एक बाहेरच्या यादीत आलं), राहिली १५. त्यात ई-वे बिलाचीच पाच तिकिटं, गिऱ्हाईकाच्या दृष्टीनं ती एकच गोष्ट, म्हणून एक ओळ. तिकिटं आम्ही कामाच्या सोयीनं पाडतो, त्याचा गिऱ्हाईकाला काय संबंध. झाली ११. एक सोय फ्लॅगमागं बंद ठेवलेली, कोड गेला पण कोणाला दिसणार नाही, ती फ्लॅग उघडेल त्या दिवशीच्या नोटमधे. आणि एक बदल एकाच पार्टीच्या प्रिंट फॉरमॅटचा, तो त्यांना फोनवर सांगितला. ह्या शेवटच्या प्रकारात एक काळजी घ्या, सपोर्टवाले तिकिटाच्या टायटलमधे पार्टीचं नाव सर्रास लिहितात, "अमक्या फाउंड्रीचं लेजर जुळत नाही". तेच टायटल आपोआप नोट्समधे गेलं तर त्याचं लेजर जुळत नाही हे सगळ्या उद्यमबागेला कळणार. म्हणून आम्ही टायटल कधीच बाहेर पाठवत नाही, नोटचा मजकूर वेगळ्या फील्डमधे लिहितो आणि स्क्रिप्ट फक्त तेच उचलते.

त्याच्या शेजारी अजून एक फील्ड, `Note audience`, त्यात तीन पर्याय, गिऱ्हाईक, फक्त सपोर्ट, आतलं. मधला पर्याय फार कामाचा. सगळ्यांना सांगण्याइतकं मोठं नाही पण कोणी विचारलंच तर सपोर्टला माहीत पायजे असं बरंच असतं. सिक्युरिटीच्या दुरुस्त्या पण आधी तिथंच जातात, बाहेर एवढंच की सुरक्षेची दुरुस्ती आहे, ह्या आठवड्यात अपडेट करा, कारण सगळ्यांची मशीन अपडेट व्हायच्या आत भोक कुठं होतं ते सांगितलं तर ज्यानं केलं नाही त्याचं दार उघडं. आणि फील्डचा डिफॉल्ट रिकामा ठेवा, हे महत्त्वाचं. डिफॉल्ट "आतलं" ठेवलं तर विंडोज ७ सारखं सगळं न बोलता गळणार, "गिऱ्हाईक" ठेवलं तर परत ६० ओळी. रिकामं असलं की `"Note audience" is EMPTY` ची यादी शून्य झाल्याशिवाय रिलीज पुढं जाऊ द्यायचा नाही.

भरणार कोण, तर पहिला अंदाज डेव्हलपर भरतो, पण शेवटचा शब्द आमच्या सपोर्टच्या आक्कांचा. गुरुवारी अर्धा तास बसतो, मी ओळ वाचतो, आक्का म्हणतात, "हे वाचून माणूस काय करणार ओ? मला फोनच करणार की." मग ती ओळ परत लिहायची. डेव्हलपर लोक रागावतात सुरवातीला, आपण दोन आठवडे मरून केलेलं काम नोटमधे नाही म्हणून. त्यांच्यासाठी आत एक पूर्ण यादी असतेच, ती स्क्रिप्टनं काढलेली, तिच्यात ५८ च्या ५८ असू देत.

भाषेचं म्हणाल तर आमच्या गिऱ्हाईकात मराठी आणि कन्नड दोन्ही, मालक मराठी वाचणार आणि अकाउंटंट कन्नड, असं एकाच ऑफिसात. ९ ओळी दोन्ही भाषेत नीट लिहून होतात, ६० होत नव्हत्या. मेनूची नावं मात्र स्क्रीनवर जशी इंग्रजीत आहेत तशीच ठेवा, "विक्री नोंदवही" लिहिलं की माणूस स्क्रीनवर तेच शोधत बसतो.

चाळण बरोबर लागली का हे कळायला रिलीजनंतरचे पहिले तीन दिवस बघायचे. सपोर्टला आलेला प्रत्येक फोन ज्या तिकिटामुळं आला त्याला जोडायचा, मग दिसतं की नोट होती तरी फोन आला म्हणजे ओळ वाईट लिहिली, नोट नव्हती म्हणून आला म्हणजे चाळण चुकली. ४.७ ला चार फोन एकाच गोष्टीचे आले, "प्रिंटमधला एचएसएनचा कॉलम कुठं गेला?" गेला कुठं नव्हता, ए५ कागदावर मावेना म्हणून पोरानं तो वर्णनाच्या खाली घेतलेला, तिकिटावर "आतलं" लिहिलेलं, आणि गुरुवारच्या बैठकीत मी पण बघून हो म्हटलेलं. आता प्रिंटला हात लावणारं तिकीट असलं की आधीचं आणि नंतरचं दोन्ही प्रिंट कागदावर काढून आक्कांच्या टेबलावर ठेवतो.